ब्रेकियल प्लेक्ससची कोरी पानं

आमच्या सरांनी ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात उतरणाऱ्या नर्व्हचं जाळं, एका स्लाइडवर संपवला होता. त्या स्लाइडवर चौतीस लेबलं होती. सी५ ते टी१ असे पाच रूट, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन आणि तीन कॉर्ड असा सतरा नावांचा सांगाडा. त्यातून निघणाऱ्या फांद्याही सतराच, म्हणजे मीडियन नर्व्हचे दोन रूट वेगळे मोजले तर. नर्व्ह पिवळ्या, आर्टरी लाल, व्हेन निळी, आणि दोन्ही कडांना नावांची रांग. लेक्चर झालं की पीडीएफ ग्रुपवर यायची आणि आम्ही सगळे ती मोबाइलवर बोटांनी मोठी करकरून बघायचो. बघताना सगळं येतंय असंच वाटायचं. डिसेक्शन हॉलमध्ये ॲक्झिला, म्हणजे काख, उघडल्यावर मात्र टेबलाभोवती शांतता पसरायची.

आता मी सेकंड एमबीबीएसला आहे. फर्स्ट इयरला मी या स्लाइडची कोरी पानं करायला घेतली, म्हणजे नावं काढून टाकलेली चित्रं, स्वतःच भरायची आणि स्वतःच तपासायची. नावावर पांढरा चौकोन ठेवला की झालं, एवढं सोपं हे काम दिसतं. पण चित्राला नावाशिवायही उत्तर सांगायच्या बऱ्याच वाटा असतात. त्या एकेक करून बुजवणं हेच खरं काम. एक प्लेक्सस शेवटपर्यंत नेला आणि मग बाकीची चित्रं कशी करायची ते आपोआप कळत गेलं, म्हणून इथे तेवढाच सांगते.

फाइल मूळ पॉवरपॉइंटची असेल आणि नावं वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये असतील तर पुष्कळ वेळ वाचतो. `Alt+F10` दाबलं की उजवीकडे `Selection Pane` उघडतो, त्यात स्लाइडवरच्या प्रत्येक वस्तूची यादी असते आणि समोरच्या डोळ्यावर क्लिक केलं की ती वस्तू लपते. सगळी नावं लपवून एक प्रत छापायची आणि तीच नावं परत दाखवून दुसरी. दुसरी झाली उत्तरपत्रिका. आमच्या बहुतेक स्लाइडवर मात्र पुस्तकातलं चित्र स्कॅन करून चिकटवलेलं असायचं आणि नावं चित्रातच मुरलेली. तिथे चौकोनच लावावे लागतात.

हे चौकोन सुरुवातीला नावाच्या मापाचे केले जातात, आणि इथेच चित्र पहिल्यांदा बोलायला लागतं. ‘मीडियल क्युटेनियस नर्व्ह ऑफ फोरआर्म’वरचा चौकोन लांबलचक, ‘अल्नर’वरचा इवलासा. शेजारीशेजारी असलेल्या या दोन नर्व्हमध्ये कुठली कुठली हे ओळखायला ॲनाटॉमी लागतच नाही, चौकोनाची लांबी बघितली तरी भागतं. म्हणून चित्रावर रिकामी रेघ ठेवायचीच नाही. सगळीकडे सारख्या आकाराचा छोटा गोल, त्यात आकडा, आणि उत्तरं वेगळ्या कागदावर. आकडेही वरून खाली क्रमाने दिले तर सी५, सी६, सी७ अशी गाडी आपोआप सुटते. मी ते मुद्दाम विस्कटून द्यायला लागले. एक नंबर खाली ॲक्झिलरी नर्व्हला, दोन वर सुप्रास्कॅप्युलरला, तीन मधल्या ट्रंकला.

दुसरी वाट रंगाची. पिवळं आहे म्हणजे नर्व्ह, एवढं फुकट मिळतं. तेवढं मिळालं तरी बिघडत नाही असं वाटेल, पण ॲक्झिलरी आर्टरीच्या भोवतीच सगळा प्लेक्सस असल्यामुळे रंगावरून आर्टरी सापडली की अर्धा प्रश्न सुटलेलाच असतो. डिसेक्शन टेबलावर सगळं एकाच मळकट तपकिरी छटेचं असतं, तिथे हा आधार मिळत नाही. म्हणून काळीपांढरी झेरॉक्स काढायची. पण झेरॉक्समध्ये पिवळा रंग जवळजवळ पांढराच येतो. कॉलेजच्या गेटसमोरच्या दुकानातून पहिली प्रत हातात आली तेव्हा त्यावर क्लॅव्हिकल होतं, आर्टरी होती, स्केलीन मसल्स होते, फक्त प्लेक्सस नव्हता. त्या सगळ्या नर्व्ह कागदात विरघळून गेल्या होत्या. दुकानदाराने डार्क करून दिलं तर मागचं सगळं राखाडी झालं.

मग बटर पेपर आणला. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वाढवायचा, स्लाइड पूर्ण स्क्रीनवर घ्यायची, बटर पेपर वर टेकवायचा आणि पेन्सिलने अगदी हलक्या हाताने फक्त कडा उतरवायच्या. जोर दिला तर स्क्रीन खराब होते. नंतर कागद टेबलावर घेऊन त्यावरून काळं पेन फिरवायचं. वेळ जातो, पण त्यात एक गोष्ट पदरात पडते. हाताने रेघ ओढताना ही फांदी नक्की कुठून सुटली हे ठरवावंच लागतं. लाँग थोरॅसिक सी५, सी६, सी७ या तिन्ही रूटमधून निघते आणि ट्रंक तयार व्हायच्या आधीच निघते, हे बघताना निसटतं. काढताना निसटत नाही, कारण पेन कुठेतरी टेकवावं लागतंच.

लेबलांच्या बाणांचं पण असंच. पुस्तकातल्या चित्रात बाणाचं टोक बऱ्याचदा अधांतरी असतं, आर्टरी आणि व्हेनच्या मधोमध. नाव शेजारी असतं तोवर ते चालून जातं. नाव काढलं की प्रश्नच संदिग्ध होतो, आणि चुकलं तर आपण चुकलो की बाण, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून बाण पूर्ण काढून टाकायचा आणि आकड्याचा गोल थेट त्या नर्व्हवरच बसवायचा. गोल मावत नसेल तर बारीक रेघ आणि तिच्या टोकाला ठळक टिंब, टिंब नर्व्हच्या आतच.

यावरून एक जुनी गोष्ट. ग्रे यांच्या ॲनाटॉमीची पहिली आवृत्ती १८५८ मध्ये लंडनमध्ये निघाली, तिची चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी काढली होती. त्यांनी बरीच नावं बाणाने बाहेर न काढता थेट आर्टरीच्या, नर्व्हच्या, मसलच्या अंगावरच लिहिली, तिच्या वळणाप्रमाणे वळवून. पुस्तक निघालं त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ॲनाटॉमी शिकवायला लागले, पुढे तिथे प्रिन्सिपॉलही झाले. शिकायला ही पद्धत फार चांगली, नजर चित्रावरून हलतच नाही. कोरं पान करायला मात्र ती सगळ्यात अवघड. जुन्या आवृत्त्यांची चित्रं आता मोफत मिळतात म्हणून मी त्यातलं ॲक्झिलाचं चित्र घेऊन बसले होते, तर नाव पुसलं की खालची नर्व्हही पुसली जायची. अशा चित्राला बटर पेपरशिवाय इलाज नाही.

आता चौतीस लेबलांचं काय करायचं. सगळी एका पानावर लपवली तर पान भरायला घेताना हात पुढे सरकत नाही, आणि तपासताना नेमकं काय येत नाही ते कळत नाही. शिवाय चौतीस नावांच्या यादीतून बत्तीस लिहून झाली की उरलेली दोन नुसत्या वजाबाकीने बसतात. मी त्याची दोन पानं केली. पहिल्यावर फक्त सांगाडा, आणि तोही पूर्ण लपवलेला नाही: सी५ आणि टी१ ही दोन टोकं छापील ठेवली, कारण त्याशिवाय चित्राचं तोंड कुठे आहे तेच ठरत नाही. दुसऱ्या पानावर उलटं, सांगाड्याची नावं छापलेली आणि फांद्या लपवलेल्या. नियम असा पडला की ज्याच्या आधाराने बाकीचं ठरवायचं ते ठेवायचं आणि जे ठरवायचं ते लपवायचं. वजाबाकी मोडायला एक छोटी युक्ती केली, एकाच नर्व्हला दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे द्यायचे. मीडियन नर्व्ह ॲक्झिलात चौदा नंबरची आणि खाली दंडात सहा नंबरची. ‘हे नाव वापरून झालं, म्हणजे इथे दुसरं काहीतरी’ हा विचार मग करता येत नाही.

ज्यांना कागदाचा कंटाळा आहे ते `Anki` वापरतात, माझी रूममेट त्यातली. त्यात चित्रावर पट्ट्या ठेवायची सोय `Image Occlusion` या नावाने आता आतच आलेली आहे. तिथेही हाच मुद्दा येतो. `Hide One, Guess One` घेतलं तर एकच नाव लपतं आणि बाकी सगळी समोर असतात, तेव्हा उत्तर वजाबाकीनेच येतं. `Hide All, Guess One` घ्यायचं. पण त्यातही पट्टीची लांबी आणि जागा तीच राहते, आणि कार्ड चार वेळा समोर आलं की बोट प्लेक्सस न बघताच उत्तर देतं. तिने पट्ट्या सगळ्या एका मापाच्या केल्यावर तिचेच स्कोअर खाली आले. ती दोन दिवस माझ्यावर चिडली होती.

भरायचं कधी, यावर आमचं एकमत कधीच झालं नाही. लेक्चर संपल्या संपल्या पान भरलं की पैकीच्या पैकी येतात आणि छान वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, मग काहींना ते पुन्हा वाचायला दिले आणि काहींना न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. प्रयोग उताऱ्यांचा होता, चित्रांचा नव्हता, पण माझ्या पानांवर मला तोच प्रकार दिसला. त्याच संध्याकाळी भरलेलं पान काहीही सांगत नाही. म्हणून मी पान करायचं एका दिवशी आणि भरायचं मधे एखाददोन दिवस जाऊ देऊन. हाताने उतरवताना झालेली ओळख तोवर जरा निवलेली असते.

तपासताना बरोबर आणि चूक एवढ्यावर थांबले नाही. रिकामं सोडलेलं, चुकीचं लिहिलेलं आणि अदलाबदल झालेलं अशा तीन खुणा ठेवल्या. अदलाबदल सगळ्यात कामाची निघाली. रिकामं राहिलेलं नाव पाठ केलं की येतं, पण अदलाबदल झाली तर चित्रात त्या दोघींना वेगळं करणारं काही आपल्याला दिसलेलंच नाही असा त्याचा अर्थ. पोस्टीरियर कॉर्डच्या पाच फांद्यांमध्ये थोरॅकोडॉर्सल मधे येते, तिच्या वर अप्पर सबस्कॅप्युलर आणि खाली लोअर सबस्कॅप्युलर. हे तीन आकडे आमच्या बॅचमध्ये प्रत्येकाचे फिरलेले असायचे. दुसरी जोडी लॅटरल आणि मीडियल पेक्टोरलची. ही नावं कॉर्डवरून पडलेली आहेत, छातीवरच्या जागेवरून नाहीत. छातीच्या भिंतीवर मीडियल पेक्टोरल ही लॅटरल पेक्टोरलच्या बाहेरच्या बाजूला असते आणि बहुधा पेक्टोरॅलिस मायनरला भोसकून पुढे येते. स्लाइडवर हे कळायचा काही मार्गच नाही, तिथे दोन्ही आपापल्या कॉर्डच्या शेजारी लोंबत असतात.

आणि इथेच त्या पानांची मर्यादा समोर आली. दोन्ही पानं आता बिनचूक भरून व्हायची. टेबलावर आमच्या मॅडम आल्या, फोरसेप्सने एक जाडसर दोरी उचलली आणि माझ्या पार्टनरला विचारलं, “ही कुठली?”

“अल्नर, मॅडम.”

“कशावरून?”

तो गप्प. मी पण गप्प. उत्तर बरोबर होतं, पण ‘चित्रात खालून दुसरी असते’ हे काही कारण होत नाही.

स्लाइडवरचा प्लेक्सस लोकलच्या डब्यातल्या नकाशासारखा असतो. कुठल्या जंक्शनला कुठली लाइन मिळते ते अचूक, पण प्रत्यक्षात कुठलं स्टेशन कुणाच्या पूर्वेला ते त्यावरून विचारू नये. स्लाइडवर तीन कॉर्ड एकाखाली एक असतात, वर लॅटरल, मधे पोस्टीरियर, खाली मीडियल. शरीरात पोस्टीरियर कॉर्ड मधे नसतेच, ती आर्टरीच्या मागे असते. पुढून बघताना ती दिसत नाही, आर्टरी बाजूला सरकवावी लागते. आम्ही तिला लॅटरल आणि मीडियलच्या मधे शोधत बसलो होतो आणि तिथे सापडत होती ती आर्टरी.

त्यातून तिसरं पान निघालं आणि माझ्या मते तेच सगळ्यात उपयोगी. हे आडव्या छेदाचं पान. पेक्टोरॅलिस मायनरच्या मागे, म्हणजे ॲक्झिलरी आर्टरीच्या दुसऱ्या भागातून, हात आडवा कापला असं समजायचं आणि खालून वर बघायचं, सीटी स्कॅनमध्ये बघतात तसं. मधे एक मोठा गोल, आर्टरी. तिच्याभोवती तीन टिंबं: बाहेरच्या बाजूला लॅटरल कॉर्ड, आतल्या बाजूला मीडियल, मागे पोस्टीरियर. मीडियल कॉर्डच्याही आत चपटी ॲक्झिलरी व्हेन. पुढे पेक्टोरॅलिस मायनर आणि त्याच्यापुढे मेजर, मागे सबस्कॅप्युलॅरिस. एवढंच. यात सुंदर काढण्यासारखं काही नाही, हाताने दोन मिनिटांत होतं, आणि यावर उत्तर फोडायला लांबी, रंग, रांग यातलं काहीच नसतं. कॉर्डची नावं आर्टरीच्या दुसऱ्या भागाच्या संदर्भात ठेवलेली आहेत, त्यामुळे हा छेद आला की नावं वेगळी पाठ करायला लागत नाहीत. छेद मुद्दाम वर घेऊन पहिल्या भागातून काढला तर चित्र बदलतं. तिथे लॅटरल आणि पोस्टीरियर दोन्ही आर्टरीच्या बाहेरच्या बाजूला असतात आणि मीडियल मागे. हे पान मी नंतर जोडलं, कारण एकच छेद चार वेळा भरला की तोही पाठ होतो.

तिसऱ्या भागाचा छेद मॅडमच्या ‘कशावरून’साठी. इथे कॉर्ड संपून नर्व्ह झालेल्या असतात. बाहेरच्या बाजूला मस्क्युलोक्युटेनियस आणि मीडियन, मागे रेडियल, आणि तिच्याबरोबर थोड्या अंतरापर्यंत ॲक्झिलरी. आतल्या बाजूला आर्टरी आणि व्हेनच्या मधल्या फटीत दोघी: पुढे मीडियल क्युटेनियस नर्व्ह ऑफ फोरआर्म, मागे अल्नर. मीडियल क्युटेनियस नर्व्ह ऑफ आर्म तर व्हेनच्याही पलीकडे.

या पानाच्या उत्तरपत्रिकेत मी दोन रकाने आखले. एकात नाव, दुसऱ्यात कशावरून. दुसरा रिकामा राहिला तर पहिला बरोबर असूनही शून्य. त्यात काय लिहायचं ते नुसत्या पुस्तकातून भरता येत नाही, टेबलावर उभं राहून शोधावं लागतं. मस्क्युलोक्युटेनियस: कोराकोब्रेकियॅलिसला भोसकते, त्या मसलमध्ये शिरणारी नर्व्ह शोधायची. मीडियन: दोन रूट आर्टरीला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन पुढे एकत्र येतात, म्हणून दोन पायांची नर्व्ह बघायची. ॲक्झिलरी: सबस्कॅप्युलॅरिसच्या खालच्या काठावरून मागे वळते आणि पोस्टीरियर सर्कमफ्लेक्स ह्युमरल आर्टरीबरोबर क्वाड्रँग्युलर स्पेसमध्ये शिरते. रेडियल: आर्टरीच्या मागे, सगळ्यात जाड, खाली प्रोफंडा ब्रेकाय आर्टरीला बरोबर घेऊन स्पायरल ग्रूव्हकडे.

अल्नर आणि मीडियल क्युटेनियस ऑफ फोरआर्म यांची ओळख मात्र ॲक्झिलात पटत नाही. दोघी एकाच कॉर्डच्या, एकाच फटीतल्या, आणि डिसेक्शनमध्ये फॅसिया काढताना पुढेमागे सरकलेल्या. अल्नर जास्त जाड, हे खरं, पण दोघी शेजारी असतील तरच उपयोगाचं. खरा पुरावा खाली असतो. नर्व्हच्या खालून फोरसेप्सचं बोथट टोक घालून हलकेच ताणायची आणि हात कोपराकडे नेत जायचं. अल्नर ह्युमरसच्या मीडियल एपिकाँडाइलच्या मागून जाते. दुसरी बॅसिलिक व्हेनच्या सोबतीने दंडाच्या मध्यावर डीप फॅसिया भेदून वर येते आणि कातडीखाली राहते. रकान्यात मी एवढंच लिहिलं: ‘एपिकाँडाइलच्या मागे.’ पुढच्या वेळी मॅडमनी फोरसेप्स उचलल्यावर पार्टनरने उत्तर न देता आधी दोरी ताणून बघितली. त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या टेबलाकडे गेल्या.

बटर पेपरचा आणखी एक फायदा उशिरा कळला. कागद पालथा घातला की उजव्या हाताचा डावा होतो. स्लाइड नेहमी उजव्याच बाजूच्या असतात, पुस्तकातली बरीच चित्रंही, आणि टेबलावर आमच्या वाट्याला डावा हात आला होता. आकडे मात्र पालथे घालून झाल्यावर लिहायचे, नाहीतर तेही उलटे होतात. दुसरं म्हणजे पान डोकं खाली करून भरायचं. ही चैन नाही. बॉडी उताणी असते, आपण तिच्या खांद्याजवळ उभे राहतो की कमरेजवळ यावर चित्राचं डोकं फिरतं, आणि स्पॉटिंगला आपण कुठे उभं राहणार हे आपल्या हातात नसतं. तिथे स्पेसिमेनला नंबराची चिठ्ठी टोचलेली असते, बेल वाजली की पुढे सरकायचं. सरळ पानावर पक्कं असलेलं उलट्या पानावर किती गळतं, यावरून मी ठरवायचे की पान पाठ झालंय की प्लेक्सस. गळती मोठी असेल तर ते पान बाद करून नव्या कोनातून काढायचं, तेच पुन्हा भरून उपयोग नाही.

डिसेक्शन हॉलमध्ये फोटो काढायला बंदी आहे आणि असावीच. म्हणून आमच्या बॉडीत जे वेगळं दिसलं ते मी बाहेर आल्यावर आठवणीने काढलं. आमच्या डाव्या हातात मस्क्युलोक्युटेनियसकडून मीडियनला एक तिरकी जोडफांदी होती. हा फरक बऱ्यापैकी आढळतो, मॅडमनी लगेच ओळखला. पण तो सांगाड्याच्या पानावर बसेना, कारण त्या पानावर सगळ्या रेघा आधीच ठरलेल्या. त्यासाठी मी मूळ पान न बदलता, वर ठेवायचा वेगळा बटर पेपर केला, त्यावर फक्त ती एक रेघ. असेच पुढे प्रीफिक्स्ड आणि पोस्टफिक्स्डचे तुकडे आले, सी४ची जाड फांदी वर मिळालेली किंवा टी२ची खाली.

शेवटचं पान नावांचं नव्हतंच. सांगाड्याच्या कोऱ्या पानावर लाल पेनने एक आडवी काप ओढायची, आणि खाली विचारायचं: काय बंद पडलं, काय वाचलं. सगळ्यात आधी काप अर्ब्ज पॉइंटवर ओढली, म्हणजे अप्पर ट्रंकवर, जिथे सी५, सी६, सुप्रास्कॅप्युलर, नर्व्ह टू सबक्लेव्हियस आणि ट्रंकची पुढची-मागची दोन्ही डिव्हिजन मिळून सहा नर्व्ह भेटतात. बंद काय पडलं ते पुस्तकात छापलेलंच आहे: डेल्टॉइड, बायसेप्स, ब्रेकियॅलिस आणि मंडळी, हात शरीराला चिकटलेला, आत वळलेला, कोपर सरळ, तळवा मागे. पण वाचलं काय हे लिहायला बसलं की पान पुन्हा वाचावं लागतं. लाँग थोरॅसिक आणि डॉर्सल स्कॅप्युलर या कापेच्या आधीच, रूटमधून सुटलेल्या आहेत. म्हणजे सेराटस अँटीरियर चालू आणि स्कॅप्युला पाठीवर पंखासारखी उचलली जाणार नाही. तीच काप दोन सेंटिमीटर मागे, रूटवर सरकवली की ती उचलली जाईल. वायवाला एक्स्टर्नलनी मला हेच विचारलं होतं, फक्त शब्द वेगळे होते: “पेशंटचा हात अर्ब्जसारखा आहे आणि स्कॅप्युलाही विंग झालीये. इजा कुठे?”

सगळ्या चित्रांना हे लागू पडत नाही. हिस्टॉलॉजीत ते फसलं. स्लाइडची बाह्यरेषा उतरवली की टेक्स्चर जातं, आणि तिथे ओळख टेक्स्चरवरच असते. एम्ब्रियॉलॉजीत एका क्षणाचं चित्र कोरं करून काही कळत नाही, क्रम लागतो. मी तिथे पानं करणं सोडून दिलं. उलट कॅव्हर्नस सायनसचा कोरोनल छेद या कामासाठीच जन्माला आलाय असं वाटावं इतका चपखल आहे. बाहेरच्या भिंतीत वरून खाली तिसरी, चौथी, पाचवीचे पहिले दोन भाग, आणि आत कॅरोटिडला लागून सहावी. तिथेही भिंतीतल्या आकड्यांचा क्रम विस्कटला नाही तर पान काहीच विचारत नाही.

यंदाच्या फर्स्ट इयरच्या मुलींनी माझी पानं मागितली. मी त्यांना बटर पेपरवरच्या बाह्यरेषा दिल्या, त्यावर ना आकडे ना उत्तरपत्रिका, आणि तिसऱ्या छेदाचे दोन रकाने रिकामेच. एकीने विचारलं, “ताई, निदान कशावरूनचा रकाना तरी द्या ना.” तिला म्हटलं, आधी तुमच्या टेबलावर कुठला हात आलाय ते बघून ये, आमचा डावा होता.